विश्लेषण : जुलाबात शहाळं, पेज की मीठ-साखरेचं पाणी? कशातून काय भरून निघतं, काय नाही?

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न नियामक संस्थेने, म्हणजे एफएसएसएआयने, एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार न बनलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरं वापरता येणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी 2022 आणि 2024 मध्ये याच संस्थेने वेष्टनावर खुलासा छापण्याच्या अटीवर अशी नावं चालू दिली होती. ती मुभा आता काढून घेण्यात आली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या प्रश्नाचा अनेक वर्षं पाठपुरावा करत होत्या. औषधाच्या दुकानात ओआरएसच्या पुड्यांशेजारी मांडलेली ही गोड पेयं पालक जुलाब झालेल्या मुलांना देतात आणि जास्त साखरेमुळे जुलाब आणखी वाढू शकतात, हे त्यांचं म्हणणं होतं.

बाटल्यांच्या नावांचा प्रश्न आदेशाने सुटेल. पण आपल्याकडे जुलाब सुरू झाले की बहुतेक घरांत आधी हात जातो तो शहाळ्याकडे, पेजेकडे किंवा मीठ-साखरेच्या पाण्याकडे. यांच्यावर ना लेबल असतं, ना सूत्र छापलेलं असतं. मग त्यांच्यातून नेमकं काय मिळतं? आणि कोणत्या टप्प्यावर ती पुरी पडत नाहीत?

जुलाबात शरीरातून नेमकं काय जातं?

पाणी जातं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या पाण्यासोबत क्षारही जातात आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा सोडियम, म्हणजे आपल्या मिठातला मुख्य घटक. लहान मुलांच्या नेहमीच्या जुलाबात, उदाहरणार्थ रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या, एक लिटर पातळ शौचातून साधारण 35 ते 60 मिलिमोल सोडियम बाहेर पडतं. मिलिमोल हे क्षार मोजण्याचं एकक आहे. इथे फक्त आकड्यांची तुलना लक्षात ठेवली तरी पुरे. कॉलऱ्यात हेच प्रमाण मुलांमध्ये 100 च्या आसपास आणि मोठ्या माणसांत 130 पर्यंत जातं. सोबत पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही जातं.

मग नुसतं साधं पाणी भरपूर प्यायलं तर? पाणी येतं, पण मीठ येत नाही. रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. ते फार घसरलं तर मूल सुस्तावतं, कधी झटकेही येतात. शिवाय जुलाब चालू असताना आतडं नुसतं पाणी नीट शोषून घेत नाही.

इथेच साखरेचा संबंध येतो. आतड्याच्या आतल्या पेशींवर एक दार असतं. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये ही कल्पना मांडली. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर ढकलत असतं तेव्हाही हे दार चालू राहतं, म्हणून तोंडाने दिलेल्या पाण्याने कॉलऱ्याचा रुग्णही वाचू शकतो. पण त्यासाठी दोघंही हवेत. मीठ नसेल तर साखर एकटी पुरत नाही. आणि साखर खूप झाली तर ती आतड्यात पडून राहते आणि शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते. जास्त गोड पेयांनी जुलाब वाढतात ते यामुळे.

ओआरएसच्या पुडीत काय असतं?

ओआरएसला आपल्याकडे जलसंजीवनी म्हणतात. एक लिटरच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. पाण्यात विरघळल्यावर त्यात सोडियम 75, ग्लुकोज 75 आणि पोटॅशियम 20 मिलिमोल होतं. सोडियम आणि ग्लुकोज सारखंच आहे, कारण ते जोडीने आत जातात. सायट्रेट रक्तात वाढलेली आम्लता कमी करतं.

2002 पूर्वीची पुडी याहून 'जड' होती. तिच्यात सोडियम 90 आणि ग्लुकोज 111 असायचं. थोडं पातळ केलेलं द्रावण मुलांमध्ये शौचाचं प्रमाण आणि उलट्या कमी करतं असं दिसल्यावर सूत्र बदललं गेलं. म्हणजे क्षार आणि साखर यांच्या प्रमाणातल्या एवढ्या बदलानेही फरक पडतो. घरगुती पेयांकडे बघताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

शहाळ्याचं पाणी कितपत उपयोगी?

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. लिटरला साधारण 50 मिलिमोल किंवा त्याहून जास्त, म्हणजे ओआरएसच्या दुपटीहून अधिक. साखरही असते. कमी असतं ते सोडियम. बहुतेक मोजण्यांत ते लिटरला 40 च्या खाली आहे, आणि कित्येक नारळांत तर पाचाच्या आसपासच. नारळ किती कोवळा आहे, कुठल्या जातीचा आहे, कुठल्या जमिनीतला आहे, यावर हे सगळं बदलतं. दोन शहाळ्यांचं पाणी चवीला सारखं लागलं तरी क्षार सारखे असतीलच असं नाही.

थोडक्यात, ओआरएसमध्ये सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असतं, तर शहाळ्यात त्याच्या उलट. म्हणून चार-पाच पातळ शौच झालेल्या, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाला शहाळं चांगलंच आहे. पाणी मिळतं, पोटॅशियम मिळतं आणि चव आवडते म्हणून ते प्यायलंही जातं. पण शरीरातलं पाणी खरोखर कमी झालेलं असताना फक्त शहाळ्यावर राहिलं तर मिठाची तूट भरत नाही.

एका गटाने मात्र शहाळ्यापासून जपून राहावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी रक्तदाबाची किंवा हृदयाची काही औषधं घेणाऱ्यांना पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. ते जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. जुलाबात लघवी कमी झाली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं आणखी अवघड होतं. घरातल्या आजी-आजोबांना 'शक्ती येईल' म्हणून दिवसभर शहाळी पाजण्याआधी त्यांच्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं.

भाताची पेज किंवा भाताचं पाणी?

पेजेचं बलस्थान तिच्यातल्या पिठूळ भागात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे. आतड्यात त्याचं हळूहळू ग्लुकोज होतं. सगळी साखर एकदम येत नसल्याने ती पाणी खेचून जुलाब वाढवत नाही, आणि सोडियमला मात्र जोडीदार मिळत राहतो. याच तत्त्वावर तांदळाच्या पिठाचं ओआरएस तयार झालं. त्यात ग्लुकोजऐवजी लिटरला सुमारे 50 ग्रॅम तांदळाचं पीठ शिजवून घालतात. कॉलऱ्याच्या रुग्णांमध्ये त्याने शौचाचं प्रमाण कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. मुलांच्या इतर जुलाबांत मात्र साध्या ओआरएसच्या तुलनेत तितका फायदा दिसलेला नाही.

पण त्या तांदळाच्या ओआरएसमध्ये सगळे क्षार मोजून घातलेले असतात. आपल्या घरची पेज बिनमिठाची असेल तर तिच्यात सोडियम जवळपास नसतंच. 'आजाऱ्याला अळणी द्यावं' ही समजूत इथे नेमकी उलटी पडते. एक लिटर पातळ पेजेत अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, म्हणजे साधारण 3 ग्रॅम, घातलं की ती जुलाबात कामाची होते. कपातून सहज पिता येईल इतकी ती पातळ हवी. घट्ट पेज हे जेवण आहे. ते चालू ठेवावंच, पण पेय म्हणून ते पुरत नाही. उन्हाळ्यात पेज लवकर आंबते, त्यामुळे थोडी थोडी आणि ताजी करावी.

मीठ-साखरेच्या पाण्याचं अचूक प्रमाण काय?

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चमचा 5 मिलीचा. 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा आहे. चमचा भरून सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकायचा. या पाण्यात लिटरला साधारण 51 मिलिमोल सोडियम होतं. ओआरएसपेक्षा कमी, पण मुलांच्या नेहमीच्या जुलाबात जेवढं जातं त्याच्या जवळ. पोटॅशियम आणि सायट्रेट मात्र त्यात नसतं. लिंबू पिळल्याने चव सुधारते, पण पोटॅशियमची तूट त्याने भरत नाही. त्यासाठी सोबत केळं किंवा थोडं शहाळ्याचं पाणी द्यावं.

तिन्ही पेयांत सूत्राच्या दृष्टीने हेच ओआरएसच्या सगळ्यात जवळचं आहे. आणि चुकलं तर सगळ्यात जास्त नुकसान करणारंही हेच. अर्ध्याऐवजी एक सपाट चमचा मीठ पडलं तर सोडियम शंभरावर जातं. शिगोशीग चमचा भरला तर त्याहूनही बरंच वर. लहान बाळाच्या रक्तात सोडियम इतकं वाढणं थेट मेंदूला धोकादायक ठरू शकतं. सहा आणि अर्धा यांची अदलाबदल झाली, तर विचारायलाच नको. उलट मीठ विसरलं तर उरतं नुसतं सरबत.

हे ओळखायचं कसं? पाजण्याआधी स्वतः चाखायचं. खारटपणा डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा जास्त लागला तर ते ओतून द्यायचं आणि नवं करायचं. या चाचणीत जास्त मीठ पकडलं जातं. कमी मीठ जिभेला कळत नाही, म्हणून मोजण्याला पर्याय नाही. केलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि 24 तासांनी उरलेलं टाकायचं.

चिमूट आणि मूठ वापरून हे कधी जमलं आहे का?

बांगलादेशात जमलं, पण त्यासाठी दहा वर्षं लागली. 1980 पासून 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्या घरोघरी जाऊन 'लोबोन-गूर', म्हणजे मीठ-गुळाचं पाणी, शिकवू लागल्या. खेड्यातल्या घरात मोजायचा चमचा नसणार हे धरूनच माप ठरवलं होतं: अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ आणि एक मूठ गूळ. आईने कार्यकर्तीसमोर ते स्वतः करून दाखवायचं. नंतर दुसरे लोक यायचे आणि त्या घरांपैकी काही घरांत आईला काय आठवतं ते तपासायचे. कार्यकर्तीचा मोबदला किती घरांना भेट दिली यावर ठरत नव्हता. आयांच्या किती लक्षात राहिलं, यावर तो ठरायचा. बायकांनी बनवलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेतही तपासले जात.

दशकभरात सुमारे 1 कोटी 20 लाख घरांपर्यंत हे पोहोचलं. चिमूट आणि मूठ चालली ती समोर बसून शिकवल्यामुळे आणि पुन्हा तपासल्यामुळे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'चिमूटभर मीठ, थोडी साखर' या सल्ल्यात हे दोन्ही नसतं. प्रत्येकाची चिमूट वेगळी, आणि 'थोडी' म्हणजे किती हे कुणीच सांगत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं? एक उदाहरण

समजा, दीड वर्षाचं, 10 किलो वजनाचं मूल आहे. दुपारपासून चार पातळ शौच झाली आहेत. मूल थोडं चिडचिडं आहे, पण खेळतंय, रडलं तर डोळ्यांत पाणी येतंय, लघवी होतेय. घरात ओआरएसची पुडी नाही.

हा टप्पा पाणी कमी होऊ न देण्याचा आहे आणि घरगुती पेयं याच टप्प्यासाठी आहेत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप पेय द्यायचं. मीठ घातलेली पेज, मोजून केलेलं मीठ-साखरेचं पाणी, मधूनमधून शहाळं, यातलं काहीही चालेल. स्तनपान आणि नेहमीचं खाणं चालूच ठेवायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा असं पाजायचं. दरम्यान कुणीतरी पुडी आणायची. आशा सेविका, अंगणवाडी किंवा उपकेंद्रात ती मोफत मिळते.

आता समजा, पहाटे डोळे खोल गेलेले दिसतात. मूल अस्वस्थ आहे आणि पाणी दिसलं की अधाशासारखं पितंय. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश जागेवर जाते. टप्पा बदलला आहे. शरीरातलं पाणी कमी झालं आहे आणि आता झालेली तूट भरायची आहे. इथे हिशेब किलोमागे 75 मिलीचा, म्हणजे या मुलाला चार तासांत 750 मिली. ते आरोग्य केंद्रात, डॉक्टर किंवा नर्सच्या नजरेखाली द्यायचं आणि चार तासांनी मुलाला पुन्हा तपासायचं.

या 750 मिलीत कोणतं पेय आहे यावर बरंच अवलंबून आहे. ओआरएस असेल तर मुलाला सुमारे 56 मिलिमोल सोडियम मिळेल. मीठ-साखरेचं पाणी बिनचूक केलं असेल तर 38. लिटरला 15 मिलिमोल सोडियम असलेलं शहाळं धरलं तर जेमतेम 11. बिनमिठाच्या पेजेतून जवळपास काहीच नाही. चारही वेळा मुलाच्या पोटात पाणी सारखंच गेलं, पण शेवटच्या दोन वेळा ते पाणी रक्तातलं सोडियम आणखी पातळ करणार. आईला दिसेल की मूल भरपूर प्यायलं, आणि तरी ते सुस्त का होतंय हे तिला कळणार नाही.

म्हणून या टप्प्यावर ओआरएसच हवं. ते हाताशी नसेल तर आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत वाटेत मोजून केलेलं मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. घरी बसून त्याच्यावरच भागवायचं नाही.

मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, चिमटीतली त्वचा जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील, तर तोंडाने द्यायच्या पेयांची वेळ टळून गेली आहे. त्याला शिरेतून सलाइन लागतं आणि तेही लगेच. शौचातून रक्त पडणं, काहीच पोटात न ठरणारी उलटी, सहा-आठ तास लघवी न होणं, ही लक्षणं दिसली तरी थांबू नये. सहा महिन्यांखालच्या बाळावर घरगुती पेयांचा प्रयोग करू नये. आईचं दूध चालू ठेवून थेट डॉक्टरांकडे न्यावं. जोराने, भाताच्या पेजेच्या पाण्यासारखी पांढुरकी शौच भराभर होत असेल तर कॉलऱ्याची शंका घ्यावी. त्यात सोडियम इतक्या वेगाने जातं की घरातलं कुठलंही पेय ते भरून काढू शकत नाही.

पुडी वापरतानाही चूक होते का?

होते, आणि बरीच. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, लहान पुडी 200 मिलीसाठी. मोठी पुडी एका पेल्यात ढवळली तर पाचपट खारट द्रावण तयार होतं. पुडी अर्धी करून वापरू नये, कारण आतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. दूध, सरबत किंवा शहाळ्याच्या पाण्यात ती मिसळू नये आणि वरून साखरही घालू नये. वेष्टनावर पाण्याचं माप आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे बघून घ्यावं.

मुलांना ओआरएससोबत झिंकच्या गोळ्याही दिल्या जातात. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले म्हणून गोळ्या बंद करू नयेत, कारण पूर्ण दिवस घेतल्याने पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

मग घरगुती पेयांची जागा कुठे?

पहिल्या काही तासांत. मूल किंवा मोठं माणूस नीट पितंय, लघवी होतेय, तोवर पेज, शहाळं आणि मीठ-साखरेचं पाणी पुढचा त्रास टाळू शकतात. त्यातल्या पेजेत मीठ हवं, मीठ-साखरेच्या पाण्यात माप हवं, आणि शहाळं सोबतीला हवं, एकट्याने नको. डोळे खोल गेले, तहान अनावर झाली की ही पेयं मागे पडतात आणि पुडी पुढे येते. पावसाळ्याच्या तोंडावर एक लिटरच्या दोन पुड्या आणि 5 मिलीचा एक चमचा घरात आणून ठेवला, तर रात्री दोन वाजता कुणाला चिमटीचा अंदाज घेत बसावं लागणार नाही.